कोड नाही, बुरशीही नाही: अग्रत्वचेवरचा पांढरा पट्टा

रेल्वे रुळांलगतच्या भिंतींवर ‘गुप्तरोग’ हा शब्द जेवढा मोठा रंगवलेला असतो, तेवढा त्याचा अर्थ लहान असतो. त्वचेचे निम्मे आजार त्यात कोंबलेले असतात. त्यातलाच एक म्हणजे लायकेन स्क्लेरोसस. पुरुषांत तो अग्रत्वचा, म्हणजे लिंगाच्या टोकावरची कातडी, पांढरी आणि घट्ट करतो. हा संसर्ग नाही, त्यामुळे जोडीदाराला लागत नाही. हस्तमैथुनाने किंवा ‘उष्णतेने’ होत नाही. तरीही त्याच भिंतींवरच्या पत्त्यांवर लोक वर्षानुवर्षं पैसे घालवतात.

परवा एक छत्तीस वर्षांचे गृहस्थ आले. दोन वर्षांपूर्वी अग्रत्वचेच्या टोकाशी खाज सुटली. दुकानदाराने तीन औषधांची मिसळ असलेली मलमाची ट्यूब दिली. त्यातल्या सौम्य स्टेरॉइडमुळे खाज थांबायची आणि आठ दिवसांत परत यायची. मग टोकाला पांढुरकं कडं दिसू लागलं, कातडी मागे जाईना, आणि ताठरता आली की कळ येऊन बारीक चिरा पडायच्या. ‘डॉक्टर, कोड आहे ना?’ हा त्यांचा पहिला प्रश्न. रक्तातली साखर नॉर्मल होती. ती आधी तपासावीच लागते, कारण मधुमेहात बुरशीमुळेही अग्रत्वचेला चिरा पडतात.

कोड आणि हा आजार यातला फरक बोटांना कळतो. कोडात रंग जातो, पण कातडी पूर्वीइतकीच मऊ आणि लवचीक राहते. इथे ती हस्तिदंतासारखी पांढरी आणि चकचकीत होते, वर सिगारेटच्या कागदासारखी चुरगळते आणि खाली दोरीसारखी घट्ट लागते. मध्येच रक्ताचे टाचणीच्या टोकाएवढे ठिपके दिसतात.

आता या घट्टपणाकडे वळू, कारण खरी मजा तिथेच आहे. निरोगी अग्रत्वचेच्या आतल्या थरात कोलॅजनचे तंतू सैल, नागमोडी असतात आणि त्यांच्यामध्ये रबरासारखे लवचीक तंतू विणलेले असतात. पुरुषाच्या लिंगाचा घेर शिथिल अवस्थेत सरासरी 9 सेंमीच्या आसपास, तर ताठर अवस्थेत साडेअकराच्या आसपास असतो. म्हणजे कातडीला जवळपास पाव भाग जास्त ताणावं लागतं, आणि निरोगी कातडी ते सहज करते. लायकेन स्क्लेरोससमध्ये शरीराच्याच संरक्षक लिम्फोसाइट पेशी वरच्या थराच्या तळाशी जमतात. तिथल्या पेशींना इजा होते, रंगद्रव्य बनवणाऱ्या पेशीही कमी होतात. त्याखालचे कोलॅजनचे तंतू फुगून एकमेकांत मिसळतात, सूक्ष्मदर्शकाखाली तो भाग काचेसारखा एकसंध दिसतो. लवचीक तंतू तिथून नाहीसे होतात. पांढरेपणा याच दोन कारणांनी येतो: रंग गेला आणि खाली काच बसली.

काच ताणली की तडकते. प्रत्येक ताठरतेला चीर, प्रत्येक चिरेला नवा व्रण, आणि व्रण भरताना आकसतो. शिवाय या आजाराची खोड अशी की जखम होईल तिथे तो नव्याने उगवतो. याला कोबनर परिणाम म्हणतात. कडं आणखी घट्ट होतं, लघवीचे थेंब आत अडकून राहतात, आणि बंद जागेतली तीच ओल या आजाराला खतपाणी घालत असावी असा आज अनेक त्वचारोगतज्ज्ञांचा कयास आहे. जन्मल्यावर लगेच सुंता झालेल्या पुरुषांत हा आजार विरळा दिसतो, हे त्याला जुळतं.

म्हणून या गृहस्थांना तेल लावून कातडी जोराने मागे ओढू नका, असं आधी बजावलं. घट्ट कडं मागे गेलं आणि पुढे आलं नाही, तर शिश्नाचं टोक सुजतं आणि तातडीने दवाखाना गाठावा लागतो. उपचार म्हणून क्लोबेटासोल 0.05 टक्के हे तीव्र स्टेरॉइड मलम रोज रात्री एकदा, पांढऱ्या भागावरच, पातळ थरात दिलं. लघवीनंतर अंडकोषामागची जागा बोटाने दाबून पुढे सरकवत उरलेले थेंब बाहेर काढायचे आणि हलकेच टिपायचे. साबण बंद.

तीन महिन्यांनी खाज गेली होती, चिराही थांबल्या होत्या, पण कडं तसंच होतं. मलम दाह विझवतं, जुना घट्ट झालेला व्रण ते फारसं सैल करत नाही. त्यांनी पूर्ण सुंता करून घेतली. अर्धवट सुंतेत उरलेल्या कातडीत आजार परत येऊ शकतो. कापलेली कातडी पॅथॉलॉजीकडे पाठवली. तिथे निदान पक्कं होतं आणि कर्करोगाच्या पेशी नाहीत ना, हेही तपासलं जातं. हा धोका मोजक्याच रुग्णांत असतो, पण असतो.

अहवालात काचेसारखा तो थर स्पष्ट नोंदवलेला होता, कर्करोग नव्हता. तरी त्यांना वर्षातून एकदा यायला सांगितलंय. लघवीची धार बारीक झाली तर त्याआधीच यावं, कारण व्रण मूत्रमार्गाच्या तोंडावरही पसरतो. न भरणारी जखम किंवा टणक गाठ दिसली तरी थांबू नये.