उलट गहाण

उलट गहाण, म्हणजे रिव्हर्स मॉर्टगेज, ही ज्येष्ठ नागरिकाने राहते घर बँकेकडे तारण ठेवून दरमहा रक्कम घेण्याची व्यवस्था. गृहकर्जात हप्ते आपण भरतो, इथे ते बँक देते आणि कर्ज दर महिन्याला वाढत जाते. भारतात ही योजना २००७-०८च्या अर्थसंकल्पात जाहीर झाली आणि नॅशनल हाउसिंग बँकेने तिची मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. कर्जदाराचे वय किमान ६० हवे. घर स्वकष्टार्जित आणि राहते हवे, त्यामुळे वडिलोपार्जित वाडा किंवा पागडीची खोली चालत नाही. हाती येणारी रक्कम कर्जाची असल्याने तिच्यावर आयकर नाही.

एक कल्पित उदाहरण घेऊ. पुण्यातल्या एका आजींच्या फ्लॅटची किंमत ८० लाख. बँकेने व्याजासकट ४८ लाखांची मर्यादा, १५ वर्षांची मुदत आणि १० टक्के व्याज ठरवले. या हिशेबाने आजींना महिन्याला साधारण ११,६०० रुपये मिळतात. ८० लाखांच्या घरावर एवढेच, म्हणून अनेक जण इथेच मागे फिरतात. पंधरा वर्षांत हाती येतात सुमारे २१ लाख. उरलेले २७ लाख व्याजाचे.

मुदत संपली की हप्ते थांबतात, पण आजींना घराबाहेर काढले जात नाही. घरपट्टी, विमा आणि डागडुजी वेळेवर झाली तर त्या अखेरपर्यंत तिथे राहू शकतात. व्याज मात्र चढतच राहते. त्या आणखी पाच वर्षे जगल्या तर ४८ लाखांचे ७९ लाख होतात.

आता वारसांचे. घराची किंमत दरवर्षी ४ टक्क्यांनी वाढली असेल तर विसाव्या वर्षी ती सुमारे १७५ लाख असेल, आणि ७९ लाख फेडून वारसांकडे ९६ लाख उरतील. पंधराव्या वर्षीही हिशेब ९६ लाखांचाच होता. मधल्या पाच वर्षांत घर ३१ लाखांनी वाढले आणि कर्जही तेवढेच. इमारत जुनी होऊन किंमत ८० लाखांवरच अडली, तर हाती जेमतेम एक लाख राहील.

कर्ज फेडायची वेळ येते ती कर्जदाराच्या निधनानंतर किंवा त्याने घर कायमचे सोडल्यावर. जोडप्याने मिळून कर्ज घेतले असेल तर दोघांपैकी मागे राहिलेल्याच्या निधनानंतर. बँकेला आधी वारसांना विचारावे लागते: कर्ज फेडून घर सोडवून घेणार का? त्यांनी नाही म्हटले तर घर विकून येणे वळते केले जाते आणि वरची रक्कम वारसांना मिळते. विक्रीत कर्जाइतके पैसे आले नाहीत, तर तूट बँकेने सोसायची. ती मुलांच्या पगारातून किंवा दुसऱ्या मालमत्तेतून वसूल करता येत नाही.

भांडणे होतात ती बहुधा या वरच्या रकमेवरून. सोसायटीत नॉमिनी म्हणून एकाच मुलाचे नाव असते आणि तो सगळे आपलेच समजतो. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. मृत्युपत्र नसेल तर वाटणी वारसा कायद्यानेच होते, आणि त्यात लग्न झालेल्या मुलीचाही वाटा असतो.