दोन पेगने कानातली शिट्टी थांबते?

"कानात सतत शिट्टी वाजते, दोन पेग घेतले की नसा मोकळ्या होऊन बंद होते म्हणतात, खरंय का?"

नाही हो, नसा-बिसा काही मोकळ्या होत नाहीत. ही शिट्टी बहुतेकदा मेंदूच्या ऐकण्याच्या भागात तयार होते आणि दारू मेंदूलाच थोडा वेळ सुस्त करते म्हणून काहींना बरं वाटतं, पण उतरायला लागली की मेंदू उलट जास्त चेतवला जातो, झोप मोडते आणि पहाटे तीच शिट्टी जोरात जाणवू शकते. काहींना काहीच फरक पडत नाही, हेही खरं.

आतल्या कानात मात्र गडबड होते. तोल सांभाळणाऱ्या नळ्यांत जेलीसारखा पडदा असतो, त्यात दारू भोवतालच्या द्रवाच्या आधी शिरते, पडदा हलका होतो, म्हणून आडवं पडलं की खोली फिरते. काही तासांनी ती पडद्यातून आधी निघते, मग तो जड होतो आणि परत गरगरतं. ऐकणंही तात्पुरतं मंदावतं.

लोअर परळच्या पबमधून आल्यावर कान वाजत असतील तर डीजेवर आधी संशय घ्या. मोठ्या आवाजात कानातला एक छोटा स्नायू आकसून थोडं संरक्षण देतो, दारूने तोच ढिला पडतो, त्यात आपण स्पीकरजवळ बिनधास्त उभे. घरी शांततेत घेतली तेव्हाही वाजलं होतं का, आठवून बघा.

आणि एका कानाने अचानक कमी ऐकू आलं तर हँगओव्हर समजून थांबू नका, त्याच दिवशी ईएनटी गाठा, स्टेरॉइडचा उपयोग सुरुवातीच्या दिवसांतच जास्त होतो.