जुन्या फर्निचरमधील भुंग्याची छिद्रे

जुन्या लाकडी वस्तूंवर टाचणीच्या डोक्याएवढी गोल भोके दिसतात आणि कधी कधी त्यांच्याखाली पीठ साचते. ही भोके लाकूड पोखरणाऱ्या लहान भुंगेऱ्यांची असतात. बोलीत ‘लाकडाला भुंगा लागला’ किंवा ‘कीड लागली’ असे म्हणतात. वाळवीशी याचा संबंध नाही. आपल्याकडची नेहमीची वाळवी मातीच्या नळ्या करत जमिनीतून किंवा भिंतीतून येते आणि पीठ पाडत नाही.

कोल्हापूरच्या पेठांतल्या जुन्या घरांत सागवानी कपाटे, शिसवी पेट्या, देव्हारे आणि झोपाळे अजून वापरात आहेत. त्यांच्यावरची भोके पाहून पहिला प्रश्न पडतो, कीड अजून आत आहे की कधीच निघून गेली? या प्रश्नावर इंटरनेटवर मिळणारा इंग्रजी सल्ला बहुधा थंड हवेतल्या युरोपीय भुंगेऱ्याबद्दल असतो. तो शंभर वर्षांच्या लाकडातही पुन्हा पुन्हा पिढ्या वाढवतो. आपल्याकडे घरातल्या लाकडात प्रामुख्याने आढळतो तो पीठ पाडणारा भुंगेरा, शास्त्रीय नाव लायक्टस. त्याची रीत वेगळी आहे.

मादी लाकडाच्या उघड्या रंध्रांत अंडी घालते. अळी आत वाढते ती लाकडातल्या स्टार्चवर, कारण लाकडाचा तंतू तिला पचत नाही. स्टार्च असतो तो सालीलगतच्या फिकट, कच्च्या भागात. म्हणून सागाचा तपकिरी गाभा तिला नकोसा असतो आणि त्याच फळीची पांढरी कड मात्र चाळणी होते. आंबा, रबरवुड अशा लाकडांत आणि बांबूत स्टार्च भरपूर असतो. लाकूड जुने होत जाते तसा तो कमी होतो, आणि साधारण दहा-पंधरा वर्षांनंतर लायक्टसला त्यात फारसे काही उरत नाही. आजोबांच्या कपाटावरची भोके बहुतेक वेळा आजोबांच्याच काळातली असतात, ती यामुळे.

बाहेरचे भोक हे बाहेर पडण्याचे दार आहे. अळीचा कोष होऊन तयार झालेला भुंगेरा एक ते दोन मिलिमीटरचे भोक पाडून उडून जातो, तेव्हाच आपल्याला कीड कळते. त्याआधी काही महिने, कधी वर्षभर, आत पोखरण चालू असते.

चालू की जुनी, हे कसे ओळखावे

ताज्या भोकाची कड धारदार असते आणि आतले लाकूड नुकताच रंधा मारलेल्या फळीसारखे उजळ दिसते. जुन्या भोकात धूळ, पॉलिश, रंग किंवा कोळिष्टक सापडते आणि आतली बाजू काळपट असते. पीठ मात्र फसवते. कपाट सरकवले, दार आपटले किंवा खोली रंगवताना ठोकाठोक झाली, तर वीस वर्षांपूर्वीचे पीठही गळते. एकदा पीठ दिसले म्हणून औषधवाल्याला बोलावणे घाईचे ठरते.

खात्री करायची तर वस्तू स्वच्छ करून वाट पाहावी. भोकांतले पीठ मऊ ब्रश आणि व्हॅक्यूमने काढावे. पॉलिश केलेल्या दर्शनी भागातली भोके लाकडाच्या रंगाच्या मऊ मेणाने बुजवावीत. पाठीमागच्या कोऱ्या फळीवर पातळ कागद फक्त कडेने खळ लावून चिकटवावा. पॉलिशवर खळ किंवा चिकटपट्टी नको. ओलीने लाखेचे पॉलिश पांढरे पडते आणि पट्टीबरोबर ते सोलून येते. वस्तूखाली काळा कागद पसरून त्यावर पेन्सिलीने तारीख लिहावी. उन्हाळा आणि पावसाळा दोन्ही धरून वर्षभर अधूनमधून पाहावे. मेणाशेजारी नवे भोक, कागदाला छेद किंवा न हलवताही एकाच जागी पुन्हा पुन्हा जमणारी पिठाची लहान ढिगली दिसली, तर कीड चालू आहे. वर्षभरात यातले काही घडले नाही, तर बहुधा काही करायचे उरत नाही.

जुन्या वस्तूंच्या खरेदीत आणखी एक खूण उपयोगी पडते. पृष्ठभागावर भोकांऐवजी उघडे पडलेले लांबट चर दिसले, तर पोखरलेल्या लाकडावर नंतर रंधा फिरला आहे, म्हणजे किडके लाकूड वापरून वस्तू बनवलेली किंवा दुरुस्त केलेली आहे. बारीक तार आत सरळ आणि सगळीकडे सारखीच खोल जात असेल, तर ड्रिलने ‘जुनेपणा’ आणलेला असतो. खरे भोक थोड्या अंतरावर वळते.

एक नमुना

समजा, सत्तर वर्षांचे सागवानी कपाट आहे. डाव्या दाराच्या फळीच्या कडेला चाळीसेक भोके आहेत, पण सगळी काळपट आणि काहींत जुने पॉलिश उतरलेले. पीठ मात्र पाठीमागे, जमिनीजवळ पडते आहे. तिथे तीन वर्षांपूर्वी सुताराने आंब्याची पट्टी ठोकलेली आहे. दोषी ती पट्टी आहे. जुन्या फर्निचरला चालू कीड लागते ती बहुधा अशा दुरुस्तीतल्या नव्या लाकडातून किंवा स्वस्त प्लायच्या पाठीतून. इथे अख्ख्या कपाटावर फवारणी करणे पैसे वाया घालवणे आहे. पट्टी काढून जाळावी आणि तिच्या जागी पांढरा भाग अजिबात नसलेली सागाची पट्टी लावावी.

पट्टी काढून झाल्यावर लगतच्या कोऱ्या लाकडाला बोरॅक्सचे द्रावण द्यावे: एक लिटर गरम पाण्यात ६० ग्रॅम बोरॅक्स आणि ४० ग्रॅम बोरिक ॲसिड, दोन हात, मध्ये एक दिवस वाळवून. हातमोजे घालावेत आणि भांडे स्वयंपाकात परत नेऊ नये. पॉलिश किंवा रंग असलेल्या भागात हे द्रावण शिरत नाही. कोऱ्या लाकडातही ते वरच्या थरातच राहते, खोलवरच्या अळीला लागत नाही. ती बाहेर येताना त्या थरातून जाते. त्यामुळे उपचारानंतरही काही काळ थोडे पीठ पडू शकते आणि ते अपयश नसते. किडीची पट्टी काढताच येत नसेल, तर पर्मेथ्रिनचे तयार लाकूड-औषध सिरिंजने भोकाभोकांत सोडावे, खिडक्या उघड्या ठेवून. रॉकेल आणि डिझेल मात्र टाळावे. ते उडून जाते, वास आणि डाग राहतात, शिवाय आगीचा धोका.

पाटावर, खेळण्यावर किंवा छोट्या चौकटीवर औषधाची गरजच नाही. वस्तू प्लास्टिकच्या पिशवीत हवा काढून घट्ट बांधावी, उणे १८ अंशाच्या डीप फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवावी. नंतर ती घरातल्या तापमानाला आल्यावरच पिशवी उघडावी, नाहीतर लाकडावर दव धरते. एप्रिलच्या उन्हात टाकणे हा जुना उपाय जाड लाकडाच्या आतपर्यंत पोचत नाही. सांधे आणि पॉलिश मात्र तडकतात.

घरातल्या इतर लाकडाचे रक्षण

ओल कमी केली की कीड थांबते, ही समजूत लायक्टसपुरती खोटी आहे. तो कोरड्या लाकडातही जगतो. त्याला अडवते ती बंद रंध्रे. पॉलिश, वार्निश किंवा रंग असलेल्या पृष्ठभागावर मादी अंडी घालत नाही. सुतार मात्र समोरची बाजू चकचकीत करून कपाटाची पाठ, खणांचे तळ आणि पायांची टोके कोरी सोडतात. नव्या वस्तूच्या या जागांवर घरी आणल्याबरोबर वार्निशचा हात द्यावा, आणि तो आधी आत कीड नाही हे पाहूनच. आतला भुंगेरा वार्निशही फोडून बाहेर येतो.

जुन्या फर्निचरच्या खोलीत बांबूच्या टोपल्या, सुपे, शिडी आणि आंब्याचे जळण साठवू नये. बांबूवर पीठ दिसले, तर आधी तीच वस्तू घराबाहेर काढावी. नव्याने आलेली लाकडी वस्तू काही महिने वेगळ्या खोलीत काळ्या कागदावर ठेवावी आणि कागद कोरा राहतो का, ते पाहावे.