शंभरातल्या नऊ पेशी: कांद्याच्या मुळाचा विभाजन निर्देशांक

कांद्याच्या मुळाचं टोक रंगवून, काचपट्टीवर दाबून सूक्ष्मदर्शकाखाली धरलं की बहुतेक पेशींत गोल, शांत केंद्रक दिसतं. काही मोजक्या पेशींत मात्र गुणसूत्रांचे धागे, मधोमध लागलेली रांग किंवा दोन टोकांकडे निघालेले दोन पुंजके दिसतात. धागे दिसले की पूर्वावस्था, रांग लागली की मध्यावस्था, पुंजके वेगळे निघाले की पश्चावस्था आणि त्यांची दोन नवी केंद्रकं होऊ लागली की अंत्यावस्था. या विभाजत असलेल्या पेशी एकूण पेशींच्या शेकडा किती, हा आकडा म्हणजे विभाजन निर्देशांक, मायटॉटिक इंडेक्स. सूत्र एका ओळीचं आहे:

```
MI = (विभाजत असलेल्या पेशी / मोजलेल्या एकूण पेशी) × 100
```

सूत्र सोपं असलं, तरी एकाच काचपट्टीवरून दोन जण साडेसात आणि साडेदहा असे दोन आकडे काढू शकतात. शिवाय आकडा बरोबर निघाला तरी त्याचा अर्थ «मूळ इतक्या वेगाने वाढतंय» असा होत नाही. पण आधी काचपट्टी.

मूळ उगवण्यापासून काचपट्टीपर्यंत

कांदा जुना, पूर्ण सुकलेला घ्यावा. नुकताच काढलेला कांदा काही आठवडे सुप्तावस्थेत असतो आणि त्याला मुळं फुटायला वेळ लागतो. मोड येऊ नयेत म्हणून गॅमा किरणांची प्रक्रिया केलेला कांदा टाळावा. लासलगावच्या विकिरण केंद्रात अशी प्रक्रिया होते आणि तिचा हेतूच वाढणाऱ्या पेशींचं विभाजन थांबवण्याचा असतो. बुडाची वाळलेली जुनी मुळं ब्लेडने हलकेच खरवडावीत, चकतीला इजा होऊ देऊ नये. कांदा पाण्याने भरलेल्या बरणीच्या तोंडावर असा ठेवावा की फक्त बूड पाण्याला टेकेल. पाणी रोज बदलावं, नाहीतर बूड कुजतं. तीन-चार दिवसांत मुळं दोन-तीन सेंटिमीटर झाली की ती कामाची. अगदी कोवळी मुळं घेऊ नयेत, कारण सुप्तावस्थेतून उठताना पुष्कळ पेशी एकदमच विभाजनाला लागतात आणि आकडा कधी फार मोठा, कधी फार लहान येतो.

टोकाचा सेंटिमीटरभर तुकडा कापून लगेच स्थिरीकरणाच्या द्रावात टाकायचा. द्राव म्हणजे एक भाग ग्लेशियल ॲसिटिक आम्ल आणि तीन भाग अल्कोहोल, त्याच दिवशी केलेला. मिश्रण जुनं झालं की आम्ल आणि अल्कोहोल एकमेकांशी अभिक्रिया करून एस्टर तयार होतो आणि द्रावाची ताकद कमी होते. तुकडा कापून बशीत ठेवला आणि मग द्राव शोधायला गेलं, तर तेवढ्या वेळात विभाजत असलेल्या काही पेशी आपलं काम पुरं करून मोकळ्या होतात. चोवीस तासांनी मुळं ७० टक्के अल्कोहोलमध्ये हलवली की बरेच दिवस टिकतात.

पुढचा टप्पा पेशी सुट्या करण्याचा. मुळं १ नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्लात ६० अंश सेल्सिअसला आठ ते दहा मिनिटं ठेवायची. पेशींना जोडून ठेवणारा पेक्टिनचा थर सैल होतो. वेळ कमी पडला तर पेशी थरांवर थर बसून राहतात, जास्त झाला तर मुळाचा लगदा होतो आणि रंगही नीट चढत नाही. मूळ पाण्याने धुऊन ॲसिटोकार्माइन या लाल रंगाच्या थेंबात ठेवायचं. लोखंडी सुईने टोक जरा चाळवलं की लोहाचा किंचित अंश द्रावात उतरतो आणि रंग गडद होतो. स्टीलची सुई असेल तर हा फायदा मिळत नाही.

आता नीट पाहिलं तर मुळाचं टोक सगळं सारखं लाल झालेलं नसतं. अगदी टोकाला मूलटोपीचा फिकट भाग, त्यामागे एक-दोन मिलिमीटर गर्द पट्टा आणि मग पुन्हा फिकट मूळ. गर्द पट्टा ही विभाजी ऊती. तिथल्या पेशी लहान, केंद्रकं मोठी, म्हणून रंग दाट. तेवढाच तुकडा ठेवायचा आणि मागचा फिकट भाग ब्लेडने कापून टाकायचा. सगळ्यात मोठी चूक इथेच होते. मागच्या भागातल्या पेशी लांब होत असतात, विभाजत नसतात. २,००० पेशींत १८० विभाजत असतील तर निर्देशांक ९ टक्के येतो. त्यात लांब होणाऱ्या १,००० पेशी मिसळल्या की १८० भागिले ३,०००, म्हणजे ६ टक्के. मुळात काहीच बदललेलं नसतं, ब्लेड जरा मागे पडलेलं असतं.

आवरणकाच ठेवून पेन्सिलीच्या बोथट टोकाने हलके ठोके द्यावेत, वर टिपकागद धरून अंगठ्याने सरळ खाली दाबावं. अंगठा बाजूला सरकला की पेशी गुंडाळल्या जातात आणि गुणसूत्रांचे नुसते लाल ओघळ दिसतात.

मोजायचं कसं

दहापट नेत्रभिंग आणि चाळीसपट वस्तुभिंग पुरतं. काचपट्टीच्या एका कडेपासून सरळ पट्ट्यात जायचं आणि पट्ट्यात येणारी प्रत्येक शाबूत पेशी मोजायची. सुंदर मध्यावस्था दिसते तिथे थांबण्याचा मोह होतो, पण तसं केलं की आकडा फुगतो.

दोन नियम मोजणीला बसण्याआधी लिहून ठेवावेत. पहिला पूर्वावस्थेचा. केंद्रक जरा दाणेदार दिसतंय म्हणजे विभाजन सुरू झालं का? धागे वेगवेगळे दिसत असतील तरच पेशी विभाजत आहे असं धरावं. दुसरा नियम अंत्यावस्थेचा. दोन नवी केंद्रकं तयार होत असताना ती पेशी एकच मोजायची, मधली पेशीभित्ती पूर्ण होईपर्यंत.

या नियमांनी किती फरक पडतो, ते एका उदाहरणात पाहू. पाच मुळं, प्रत्येकी ४०० पेशी. विभाजत असलेल्या पेशी अनुक्रमे ४१, ३६, ३०, ४४ आणि २९, एकूण १८०. त्यांत पूर्वावस्था ९६, मध्यावस्था ३१, पश्चावस्था १८, अंत्यावस्था ३५. निर्देशांक ९ टक्के. एखाद्याने प्रत्येक अंत्यावस्था दोन पेशी म्हणून धरली तर २१५ भागिले २,०३५, म्हणजे १०.६ टक्के. दुसऱ्याने पूर्वावस्थेतल्या ३० संशयास्पद पेशी सोडल्या तर १५० भागिले २,०००, म्हणजे ७.५ टक्के. काचपट्ट्या त्याच, डोळेही चांगले, फक्त नियम वेगळे. म्हणून दुसऱ्याच्या मोजणीशी आपला आकडा ताडून पाहण्याआधी त्याचा नियम विचारावा.

मुळामुळांतला फरकही पाहा: १०.२५, ९, ७.५, ११ आणि ७.२५ टक्के. २,००० पेशी मोजल्या म्हणजे चूक फार लहान असं वाटतं, पण एकाच मुळातल्या पेशी एकमेकींसारख्या वागतात. खरी गिनती मुळांची, म्हणजे पाचाची. त्या हिशेबाने ९ टक्क्यांच्या आजूबाजूला सुमारे दोन टक्क्यांची शंका उरते, म्हणजे ७ ते ११. एकाच मुळाच्या आणखी हजार पेशी मोजण्यापेक्षा आणखी पाच मुळं घेणं जास्त उपयोगाचं.

नऊ टक्के म्हणजे किती वेळ

पेशीला एका विभाजनापासून पुढच्यापर्यंत समजा १६ तास लागतात. हा काळ वेगळ्या प्रयोगाने काढावा लागतो, निर्देशांकातून तो निघत नाही. १६ तासांचे ९ टक्के म्हणजे विभाजनाला साधारण ८६ मिनिटं, असा हिशेब सहज मनात येतो. तो कमी पडतो. वाढत्या ऊतीत प्रत्येक विभाजनातून दोन नव्या पेशी येतात, त्यामुळे कोवळ्या पेशी नेहमीच जास्त आणि विभाजनाच्या उंबरठ्यावरच्या पेशी कमी असतात. विभाजन पेशीच्या आयुष्याच्या शेवटी येतं, म्हणून मोजणीत त्याचा वाटा वेळेच्या मानाने कमी दिसतो. दुरुस्ती अशी, यात t हा विभाजनाचा काळ, T हा पूर्ण चक्राचा काळ, ln म्हणजे नैसर्गिक लॉगरिदम, आणि निर्देशांक टक्क्यांत न घेता ०.०९ असा घ्यायचा:

```
t = T × ln(1 + MI) / ln 2
  = 16 × 0.0862 / 0.693 ≈ 2 तास
```

८६ मिनिटांच्या जागी दोन तास. त्यातली निम्म्याहून जरा जास्त वेळ पूर्वावस्थेला, तर पश्चावस्थेला फक्त बारा-एक मिनिटं. पश्चावस्था शोधायला इतका वेळ का लागतो, ते यावरून कळतं.

वाढ आणि निर्देशांक

निर्देशांक हे दोन काळांचं गुणोत्तर आहे, वेग नव्हे. पाणी थंड केलं की कांद्याच्या पेशीचं सगळंच चक्र मंदावतं, विभाजनाचा काळही जवळपास त्याच प्रमाणात लांबतो. मूळ हळू वाढतं, पण निर्देशांक जवळपास तोच राहतो.

उलट उदाहरण कोल्चिसिनचं. पेशीशास्त्रज्ञ अल्बर्ट लेव्हान यांनी १९३८ साली कांद्याच्या मुळांवर त्याचा परिणाम तपासला. कोकणात आणि सह्याद्रीत उगवणाऱ्या कळलावीतही हेच जहाल विष असतं. ते गुणसूत्रांना ओढून नेणारे तंतू तयार होऊ देत नाही. पेशी विभाजनात शिरतात आणि मध्यावस्थेसारख्या स्थितीत अडकून बसतात. काही तास मोजणीत विभाजत असलेल्या पेशी वाढत जातात, निर्देशांक चढतो, पण एकही पेशी दोन होत नाही. मुळाची लांबी थांबते आणि टोक गाठीसारखं फुगतं. नुसता निर्देशांक पाहणारा म्हणेल की वाढ जोरात आहे. अवस्थांची फोड पाहणाऱ्याला लगेच दिसेल की पश्चावस्था आणि अंत्यावस्था गायब आहेत.

म्हणून निर्देशांकासोबत दोन गोष्टी मोजाव्यात: मूळ दिवसाला किती वाढलं आणि मागच्या, पूर्ण वाढलेल्या भागातल्या पेशी किती लांब आहेत. समजा मूळ दिवसाला १२ मिलिमीटर वाढलं आणि वाढलेली पेशी ०.२ मिलिमीटरची आहे. म्हणजे पेशींच्या प्रत्येक रांगेत दिवसाला ६० नव्या पेशींची भर पडली. आता एखाद्या क्षाराच्या पाण्यात ठेवलेलं मूळ ६ मिलिमीटरच वाढलं आणि निर्देशांक मात्र ९ टक्केच आला. पेशी अजूनही ०.२ मिलिमीटरच्या असतील तर रांगेत ३०च नव्या पेशी पडल्या, म्हणजे विभाजी ऊती मंदावली किंवा आखूड झाली. गर्द पट्ट्याची लांबी मोजली की दोन्हींतलं कोणतं ते कळतं. पण पेशी ०.१ मिलिमीटरच्या निघाल्या तर रांगेत अजूनही ६० नव्या पेशी पडताहेत. विभाजन ठीक चाललंय, अडचण पेशी लांब होण्यात आहे, त्याच फिकट भागात जो आपण मोजणीआधी ब्लेडने कापून टाकला होता.