उकार कुणाच्या ओळीचा?

चोपड्याकडच्या आमच्या घरी आजोबांच्या हिशेबाच्या वह्या आहेत. कापूस वेचणीची मजुरी, कुणाला किती धान्य दिलं, बैलाच्या औषधाचा खर्च असं सगळं त्यात आहे. खाटेवर बसून, वही मांडीवर घेऊन लिहिलेलं. त्यामुळे ओळ डावीकडे नीट सुरू होते आणि उजवीकडे घसरत जाते. ही पानं संगणकाकडून वाचून घ्यायची तर आधी एकेक ओळ सुटी करावी लागते, कारण वाचणारी प्रणाली बहुधा एका वेळी एकच ओळ घेते.

छापील पानाला जुनी युक्ती पुरते. पानाचं चित्र बारीक ठिपक्यांचं बनलेलं असतं; त्यातल्या प्रत्येक आडव्या रांगेत किती काळे ठिपके आहेत ते मोजायचं. देवनागरीत शिरोरेघेपाशी आकडा एकदम उसळतो, दोन ओळींमधल्या मोकळ्या जागेत तळाला जातो. तळ सापडला की तिथे कापायचं.

आजोबांच्या पानावर हे फसतं. वहीचं पान १६ सेंटीमीटर रुंद, दोन ओळींत ८ मिलिमीटर अंतर. उतार जास्तीत जास्त ३ अंशांचा, डोळ्याला फारसा जाणवतही नाही. पण १६ सेंटीमीटर जाईपर्यंत ३ अंशांत ओळ सुमारे ८.४ मिलिमीटर खाली येते. म्हणजे अशा ओळीचा शेवट तिच्या खालच्या ओळीच्या सुरुवातीपेक्षाही खाली. आडव्या रांगेत दोन्ही ओळींची शाई एकत्र मोजली जाते आणि चढउतार पुसले जातात. तेव्हा तिरकेपणा किती, हे अंशांत पाहून भागत नाही. ओळींतलं अंतर किती आणि पान किती रुंद, यावर सगळं ठरतं.

पान फिरवून सरळ करावं, तर वरची ओळ १ अंशाने उतरते आणि खालची ३ अंशांनी. एक सरळ केली की दुसरी वाकडी.

म्हणून पानाच्या ८ मिलिमीटर रुंदीच्या २० उभ्या पट्ट्या करायच्या. एका पट्टीत ओळ जेमतेम ०.४ मिलिमीटर घसरते, शिरोरेघेच्या जाडीइतकीच, त्यामुळे उसळी शाबूत राहते. मग शेजारच्या पट्टीतली सगळ्यांत जवळची उसळी जोडत जायचं. ती निम्म्या अंतरापेक्षा, म्हणजे ४ मिलिमीटरपेक्षा दूर असेल तर जोडायचं नाही. ओळ अर्ध्यातच संपली असेल, तर ही अट नसताना साखळी शेजारच्या ओळीवर उडी मारते. अशा साखळीतून प्रत्येक ओळीची वाकडीतिकडी शिरोरेघ हाती येते. (जुन्या मोडी कागदांवर हे काम अंमळ सोपं होतं, कारण लिहिणारा आधी पानभर रेघ ओढून मग तिला अक्षरं टांगत असे.)

आता दोन शिरोरेघांमधून कापायची वाट शोधायची. डाव्या टोकापासून एकेक ठिपका उजवीकडे सरकायचं: सरळ, किंचित वर किंवा किंचित खाली. कोऱ्या ठिपक्याला खर्च अगदी कमी, शाईच्या ठिपक्याला जबर. प्रत्येक ठिपक्याशी डावीकडच्या तीन शेजाऱ्यांपैकी सगळ्यांत स्वस्त वाट निवडत गेलं, की उजव्या टोकाला पोचेपर्यंत एकूण सर्वांत स्वस्त वाट मिळते. ती उकारांना वळसा घालून जाते, शेतातली पायवाट जशी विहिरीला वळसा घालते तशी. मात्र तिला दोन शिरोरेघांमध्येच कोंडावं लागतं. मोकळी सोडली तर उतरत्या पानावर ती शब्दांमधल्या फटीतून वरच्या ओळीत घुसते, कारण फटीत शाई नसल्याने तिकडून जाणं स्वस्त पडतं.

खरी अडचण पुढे आहे. वरच्या ओळीत ‘मूग’, बरोबर त्याखाली ‘दिले’. ‘मू’च्या दीर्घ उकाराचं शेपूट ‘दि’च्या वेलांटीत अडकलेलं. इथे वळसा नाहीच. वाट शाई कापूनच जाणार आणि जिथे शाई सर्वांत कमी लागेल तिथे कापणार. ती जागा उकाराच्या मुळाशी असली तर ‘मूग’चा ‘मग’ होतो आणि ‘दिले’वर भलतीच फांदी चढते.

हे घडतंय ते ओळखता येतं. शिरोरेघेमुळे एक शब्द बहुधा शाईचा एकच सलग तुकडा असतो. तो तुकडा दोन शिरोरेघांना एकदम शिवत असेल, तर तिथे दोन ओळी चिकटल्या आहेत. अशाच ठिकाणी थांबून रेघा बारीक करायच्या, अगदी एका ठिपक्याच्या जाडीपर्यंत, आणि सांधा पाहायचा. पेन सहसा एकदम वळत नाही. सांध्यातून जी रेघ त्याच दिशेने पुढे जाते, ती त्याच अक्षराची. शेपूट वेलांटीला ओलांडून गेलं असेल तर कापायचंच नाही. सांध्याचा ठिपका दोन्ही ओळींना द्यायचा, कारण दोन्ही रेघांना तो हवा आहे.

शेपूट वेलांटीला टेकून तिथेच संपलं असेल, तर दिशेचा पुरावा अर्धाच उरतो. तिथे मी ‘मूग’ आणि ‘मग’ दोन्ही वाचून पाहतो. पुढे ‘६ पायली’ लिहिलं असलं की प्रश्न मिटतो.