आखाती नोकरीचा एजंट : परवान्यामागची गोष्ट

परदेशात मजूर पाठवण्यावरचा आपला जुना कायदा 1922चा. कराराने बांधून परदेशी नेण्याची गिरमिटिया मजुरी बंद झाली, त्यानंतर तो आला, आणि त्याची नजर मळ्यांवर पाठवल्या जाणाऱ्या मजुरांवर होती. 1973 नंतर तेलाचे भाव भडकले, आखातात बांधकामं सुरू झाली आणि मुंबईत एजंटांची कार्यालयं उघडली. रत्नागिरी, रायगडचे गवंडी, वेल्डर तिथे पासपोर्ट घेऊन जाऊ लागले. या नव्या धंद्याला जुना कायदा पुरेसा नव्हता. म्हणून 1983चा उत्प्रवास कायदा आला. नोंदणी प्रमाणपत्राशिवाय भरती करणं गुन्हा ठरलं, आणि ठरलेल्यापेक्षा जास्त पैसे घेणंही.

आज एजंटाला कामगाराकडून जास्तीत जास्त 30,000 रुपये सेवाशुल्क आणि त्यावर 18 टक्के जीएसटी घेता येतो. म्हणजे 35,400, तेही पावतीसह. समजा, चिपळूणच्या एका वेल्डरला गावचा ओळखीचा माणूस सांगतो, 'मुंबईच्या साहेबांचा परवाना आहे, व्हिसाचे 90,000 लागतील.' आकडा ऐकूनच थांबावं. मग emigrate.gov.in वर त्या एजन्सीचं नाव शोधावं. नाव सापडलं तरी नोंदणी चालू आहे की मुदत संपली वा निलंबित झाली, ते बघावं, पत्ताही जुळवावा. दुसऱ्याच्या परवान्याचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवणारे कमी नाहीत. आणि गावोगावच्या उपएजंटांना कायद्यात जागाच नाही. पैसे त्याच्या हातात दिले की पावती मिळत नाही आणि तक्रारीला पुरावाही उरत नाही.

करारात मालकाचं नाव, काम, पगार, राहण्याची सोय आणि परतीचं तिकीट ही कलमं वाचावीत, आणि व्हिसावरचा मालक व हुद्दा त्याच्याशी ताडून बघावा. इथे वेल्डर लिहून तिथे मदतनीसाचा दुसरा करार पुढे करणं ही जुनी खोड आहे, म्हणून इथल्या कराराची सही झालेली प्रत घरीही ठेवावी. कुठेही काम करता येईल असं सांगून 'आझाद व्हिसा' म्हणून विकतात त्यात तर कागदावरच्या मालकाकडे बहुधा कामच नसतं.

पासपोर्टचं थोडं अवघड आहे. व्हिसाच्या शिक्क्यासाठी तो एजंटाकडे द्यावा लागतो, हे खरं. पण 1967च्या कायद्यानुसार तो भारत सरकारची मालमत्ता आहे, पैशांसाठी अडवून ठेवायचं तारण नाही. करार हातात आल्यावरच, नंबर लिहिलेली पोच घेऊन द्यावा. त्याआधी झेरॉक्सवर भागतं.

या व्यवस्थेतही फट आहे. 18 देशांत जाणाऱ्या ईसीआर, म्हणजे उत्प्रवास तपासणी आवश्यक असलेल्या, पासपोर्टधारकांना सरकारी मंजुरी लागते, म्हणून त्यांचे कागद तरी कुणी तपासतं. दहावी पास झालेल्याला ती लागत नाही. 2022 पासून थायलंडमधली डेटा एंट्रीची नोकरी सांगून म्यानमारच्या सायबर ठगांच्या अड्ड्यांवर नेलेली मुलं बरीचशी शिकलेली होती, आणि पर्यटक व्हिसावर किंवा विमानतळावर मिळणाऱ्या व्हिसावर गेली होती.