साडेचारशेचा फरक आणि नऊचा पाढा

गेल्या महिन्यात इंदूरला बहिणीकडे, रामबागेत होतो. रात्री साडेअकराला सगळे सराफ्यात खायला निघाले, भाची तेवढी उठेना. ती बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाला आहे. रोजच्या व्यवहारांची रोजकीर्द, खातेवार खतावणी आणि सगळ्या खात्यांच्या बाक्या नावे-जमा मांडणारी तेरीज, सगळं हाताने लिहिलेलं, सकाळी अकराला कॉलेजात द्यायचं होतं आणि तेरजेच्या दोन बाजू जुळत नव्हत्या. नावे बाजू 4,86,350, जमा बाजू 4,85,900.

"मामा, साडेचारशेचा फरक येतोय. दोनदा बेरीज केली. मैत्रीण म्हणते, सस्पेन्स खात्यात टाक आणि झोप."

मी गणिताचा शिक्षक, हिशेब हा काही माझा विषय नाही. पण 450 ऐकलं आणि मी सराफा सोडून तिच्या शेजारी बसलो.

बेरीज बरोबर असेल, तर आधी फरकाचाच आकडा शोधायचा, कारण 450 ची एखादी बाकी तेरजेत उतरवायची राहिली असेल. तशी नव्हती. मग फरकाचा निम्मा, 225. जमेची रक्कम चुकून नावे पडली की एका बाजूने कमी होते आणि दुसऱ्या बाजूने वाढते, म्हणून फरक दुप्पट दिसतो. 225 ही कुठे नव्हते. तिसरी पायरी म्हणजे फरकाला नऊने भागणं. 450 भागिले 9, बरोबर 50. बाकी शून्य.

इथे थोडं थांबू या. 720 लिहिताना हातून 270 झालं, तर काय होतं? सात शतकस्थानावरून दशकस्थानी उतरला. त्याची प्रत्येक एककामागची किंमत 100 वरून 10 झाली, म्हणजे 90 ने घटली. दोन वर चढला, त्याची किंमत तेवढीच वाढली. घट 7 गुणिले 90, वाढ 2 गुणिले 90, निव्वळ फरक 5 गुणिले 90, म्हणजे 450. शेजारचे अंक एकक-दशकात उलटले तर 90 च्या जागी 9 येतो, शतक-हजारात उलटले तर 900. अंक कोणतेही घ्या, नऊ सुटत नाही. अंकशास्त्रवाले नऊला दैवी मानतात, पण हा नऊ फक्त दहातून एक वजा केलेला आहे. आपण आठच्या पायावर मोजत असतो, तर हेच काम सातने केलं असतं.

त्या 50 मध्ये ठावठिकाणाही असतो. पाच दशकस्थानी आहे, म्हणजे दशक आणि शतक उलटले आणि त्या दोन अंकांत पाचाचं अंतर आहे. नावे बाजू जास्त भरते, म्हणून चुकीचा आकडा नावे असेल तर त्यात मोठा अंक आधी येणार आणि जमेला असेल तर लहान. अजून एक शक्यता होती. शून्य सुटलं किंवा वाढलं तरी फरक नऊच्या पटीतच येतो. 500 चे 50 झाले तर 450 च कमी पडतात. तिने जमेला 50 आणि नावे 500 शोधले. दोन्ही नव्हते.

सव्वीस बाक्यांत आमच्या अटीत बसणाऱ्या तीनच निघाल्या: नावे बाजूला रोख 18,610 आणि मजुरी 12,940, जमेला मिळालेलं कमिशन 3,270. रोख रोखवहीशी जुळली. मजुरी जुळली. कमिशनच्या पानावर तिच्याच अक्षरात, दोनदा अधोरेखित केलेली बाकी होती 3,720.

ती काही बोलली नाही. व्हाइटनर शोधायला उठली.

हे इतकं चटकन साधलं, कारण चूक शेवटच्या पायरीवर, खतावणीतून तेरजेत उतरवताना झाली होती. रोजकीर्दीतून खतावताना अंक उलटले असते तर बाकीत इतर रकमा मिसळल्या असत्या आणि हा ठसा पुसला गेला असता. मग बाक्या सोडून खतावलेली एकेक रक्कम तपासावी लागते. दोन चुका एकत्र झाल्या तर फरकाला नऊने भाग जाईलच असं नाही. उलट, कसाही फरक घेतला तरी साधारण नवांतल्या एकाला नऊने भाग जातोच, म्हणून भाग गेला की संशय घ्यायचा, निकाल द्यायचा नाही.

पावणेएकला दोन्ही बाजूंना 4,86,350 आलं. पण मजुरीचं खातं तपासताना मला शेजारच्या पानावर, फर्निचर खात्यात, "टेबल दुरुस्ती 600" दिसलं होतं. दुरुस्ती हा खर्च, त्याची जागा दुरुस्ती खात्यात. रक्कम नावे बाजूलाच पडली होती, त्यामुळे तेरजेला त्याचा पत्ताच नव्हता, आणि तशीच राहिली असती तर नफा 600 ने जास्त दिसला असता. सॉफ्टवेअरमध्येही हीच गत. नोंद करतानाच 3,720 चे 3,270 टाइप झाले, तर तो आकडा दोन्ही बाजूंना सारखाच जातो आणि तेरीज जुळते.

"पण आता तर जुळलंय ना?" ती म्हणाली, आणि तरीही फर्निचरचं पान उघडलं.

खाली स्कूटरचा आवाज आला तेव्हा ती दुरुस्तीची नोंद लिहीत होती. नावे दुरुस्ती 600, जमा फर्निचर 600. तेरजेत दोन ओळी बदलल्या, बेरीज तीच राहिली.